रिकर्शनला मराठीत काय म्हणावं? आणि डब्यांचं उदाहरण दोन वाक्यांत कसं बसवावं?

राजवाडा_इंदूर
इथल्या मराठी मुलांसाठी पायथनची टिपणं मराठीत लिहिते आहे. रिकर्शनपाशी अडले. मी ‘पुनरावर्तन’ लिहिलं होतं, एका पालकांनी ते खोडून ‘पुनरावृत्ती’ केलं. पण पुनरावृत्ती म्हणजे तेच ते पुन्हा करणं, तो तर लूप झाला ना? एकात एक डब्यांचं उदाहरण घेतलंय, पण जागा दोन साध्या वाक्यांचीच उरली आहे. शब्द सुचवा, वाक्यंही सुचवा.

तानपुरा (ग्वाल्हेर)
‘आवर्तन’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. तीनतालाच्या १६ मात्रा झाल्या की पुन्हा सम. आमच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल.

अर्धविराम
तानपुराजी, तुमचं दर आवर्तन १६ मात्रांचंच असतं. रिकर्शनमध्ये दर खेपेला काम लहान होत जावं लागतं, नाहीतर समच येत नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘मागे धावणे’ असा आहे. मागे येणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग, आणि तो ‘पुनरावृत्ती’त अजिबात नाही.

सयाजीबाग
उगाच अवघड करताय. डबा उघडा, आत डबा निघाला तर तोही उघडा. हा लूपच आहे. आम्ही वडोदऱ्यात कचेरीच्या कामात फोल्डरातले फोल्डर लूपनेच चाळतो.

अर्धविराम
चाळता येतात, बरोबर. पण उघडायचे राहिलेल्या फोल्डरांची यादी तुम्ही स्वतः कुठेतरी ठेवत असणार. रिकर्शनमध्ये ती आठवण भाषा ठेवते. राजवाडाताई, हे पाहा:

```python
def mojani(dabba):
    ekun = 0
    for vastu in dabba:
        if isinstance(vastu, list):
            ekun += mojani(vastu)
        else:
            ekun += vastu
    return ekun

print(mojani([10, [5, [2]], [1]]))   # 18
```

मोठ्या डब्यात १० चं नाणं, शिवाय दोन डबे. मोठा डबा १० मनात धरून थांबतो आणि पहिला डबा उघडायला लावतो. त्या डब्यात ५ निघतात, तोही ५ धरून थांबतो. सर्वांत आतल्या डब्यात २ आहेत आणि आणखी डबा नाही, म्हणून तो लगेच ‘२’ सांगतो. मधला ५ आणि २ मिळून ७ सांगतो. मोठ्याकडे १७ होतात. मग तो दुसरा डबा उघडतो, त्यातला १ मिळून १८. म्हणजे आतला बोलेपर्यंत बाहेरचे अर्धवट उघडे राहतात. मुलं हेच विसरतात.

पितळीडबे
आमच्या आजीकडे असे एकात एक बसणारे पितळी डबे होते. पण आतल्या लहानाला आम्ही ‘डबी’ म्हणायचो. मुलांना डबा, मग डबी असं सांगा, चटकन कळेल. इंदुरात हल्ली सगळे ‘डिब्बा’च म्हणतात, तो तर मुळीच नको.

राजवाडा_इंदूर
काकू, इथे डबी म्हटलं तर मुलांना वाटेल आतल्यासाठी वेगळा नियम आहे. आतला आणि बाहेरचा दोन्ही ‘डबा’च राहिले, तरच तोच `mojani` दोघांना लागतो हे दिसतं. आणि ‘डिब्बा’ माझी मुलं घरात रोज म्हणतात, त्यांना तो परका नाही.

माझी दोन वाक्यं: डब्यातली नाणी मोजायची, आणि आत डबा निघाला की हातातली बेरीज धरून ठेवून त्यालाही हाच नियम लावायचा. ज्या डब्यात डबा नाही त्याची बेरीज लगेच सांगायची, आणि ती बाहेरच्या डब्याने आपल्या बेरजेत मिळवत यायची.

सयाजीबाग
‘धरून ठेवून’ कशाला? काढा, वाक्य छोटं होईल.

अर्धविराम
ते काढलं तर मुलं तुमच्यासारखीच लूप समजतील. ताई, ते राहू द्या. दुसऱ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र ठळक करा, कारण थांबण्याची जागा तिथे आहे.

तानपुरा (ग्वाल्हेर)
आणि ती जागा आलीच नाही तर? डब्यात तोच डबा असला तर?

अर्धविराम
घरातल्या डब्यांत ते शक्य नाही, पायथनमध्ये आहे: `d = []` आणि मग `d.append(d)`. यावर `mojani(d)` चालवलं तर दर डबा आतल्याची वाट पाहत थांबतो. पायथनची नेहमीची मर्यादा १००० आहे, तिथे `RecursionError` येतो. खरेखुरे, पण एकात एक काही हजार डबे असले तरी हाच एरर येतो, आणि तिथे नियम चुकलेला नसतो. म्हणून एरर दिसला की आधी आतला डबा खरोखर लहान होतोय का ते तपासावं.

तानपुरा (ग्वाल्हेर)
म्हणजे समेवर न येणारं आवर्तन. मग माझा शब्द अगदीच चुकला नाही.

पितळीडबे
पण ‘पुनरावर्तन’ शाळेत उजळणीला म्हणतात हो. मुलं परीक्षेची तयारी समजतील. त्यापेक्षा ‘रिकर्शन’च राहू दे.

सयाजीबाग
काकूंना अनुमोदन.

अर्धविराम
माझा विरोध. लूपला मराठी शब्द शोधायचा आणि रिकर्शनला नाही, असं का?