मदत हवी आहे: अरून डाउन एका रात्रीत ० वरून ६०, भाव तर वाढलेला. क्रॉस खरा की खोटा?

पांझराकाठ (धुळे)

मंडळी नमस्कार. दुकान सांभाळून दोन वर्षांपासून डेली चार्टवर थोडं स्विंग करतो. अरून इंडिकेटर २५ वर लावलेला आहे. शेअरचं नाव टाकत नाही, नाहीतर धागा 'घ्यावा की विकावा' वर जाईल.

माझी समजूत अशी की अरून डाउन ० म्हणजे शेवटचा तळ जुना झाला, मंदी संपून महिना उलटला, तेजी आता वयात आली. त्या दिवशी अप ३२ होतं आणि डाउन ०. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाईल उघडला, तर अप २८ आणि डाउन थेट ६०! क्रॉस झाला म्हणून २४४ ला सगळा माल काढला. भाव मात्र त्या दिवशी हिरवा होता, नवा तळबिळ काही नाही. चार दिवसांनी त्याने २५३ केला आणि अप १०० ला जाऊन बसलं.

भाव पडला नाही तर 'तळापासूनचे दिवस' सांगणारी रेघ वर कशी उडाली? डेटा चुकलाय का? ब्रोकरच्या ॲपमध्ये आणि दुसऱ्या एका साइटवर, दोन्हीकडे तेच दिसतंय.

---

खानदेशी_बैल

भाऊ, मनी बी गत तीच शे. २५ फार छोटं पडतं, पन्नास लावा. अशा उड्या बंद होतात. मी दोन महिन्यांपासून ५० वरच आहे, शांत झोप लागते.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

डेटा बरोबर असणार. पांझराभाऊ, तुमच्या चार्टवर त्या दिवसाच्या बरोबर २६ कँडल मागे जा. तिथे एखादी खाली लांब शेपटी असलेली कँडल आहे का? तिचा लो, आणि तिच्यानंतरच्या सगळ्यांत खालच्या कँडलचा लो, दोन्ही इथे टाका. मधला सर्वांत वरचा हाय कधीचा तेही सांगा. मग बोलू.

---

केळीवाला रावेर

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी शेअरमधला नाही. केळीचा रोजचा जाहीर भाव तीन हंगाम एक्सेलमध्ये लिहून ठेवलाय. त्यावर हे अरुण चालेल का? कापणी आठवडाभर थांबवावी की नाही एवढंच बघायचं आहे. आणि हा अरुण कोण?

---

पांझराकाठ (धुळे)

गिरणाभाऊ, तुम्ही चार्ट बघितल्यासारखं विचारलंत. ती कँडल आहे. त्या दिवशी बाजार सकाळी घाबरला होता, लो २१२, पण बंद झाला २२९ ला. तिला मी १ नंबर देतो. त्यानंतर चढत चढत ९ व्या कँडलला हाय २५२. मग घसरण, १७ व्या कँडलला लो २२४. तिथून परत वर. मी विकलं ती २७ वी कँडल.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

मग सगळं जुळलं. २५ चं अरून आजची कँडल आणि मागच्या पंचवीस, अशा २६ कँडल बघतं. आदल्या दिवशी, म्हणजे २६ व्या कँडलला, खिडकीच्या अगदी टोकाला तुमची ती २१२ ची शेपटी होती. २५ कँडल जुनी, म्हणून डाउन शून्य. दुसऱ्या दिवशी खिडकी एक घर पुढे सरकली आणि शेपटी बाहेर पडली. आता आत उरलेल्यांत सर्वांत खालचा लो कुठला? १७ व्या कँडलचा २२४. तो दहा कँडल जुना.

`100 × (25 − 10) / 25 = 60`

झाली तुमची उडी. बाजारात त्या दिवशी काहीही घडलेलं नाही. एक जुनी गोष्ट यादीतून खोडली गेली, एवढंच.

हे ओळखणं अवघड नाही. २५ वर रेघ रोज ४ अंकांनी खाली येते, कारण तळ रोज एका कँडलने म्हातारा होतो. वर जायला तिच्याकडे दोनच वाटा आहेत. खरोखर नवा तळ झाला तर ती थेट १०० ला जाते, मध्ये कुठे थांबत नाही. दुसरी वाट म्हणजे जुना तळ खिडकीबाहेर गेला, आणि ते शून्यावर पोचल्यानंतरच होऊ शकतं. म्हणून शून्यावरून उडून ६०, ४४, २० अशा अधल्यामधल्या आकड्यावर रेघ थांबली, की समजायचं भावाने नाही, कॅलेंडरने उडवली. अप रेघेचंही अगदी तसंच.

आता वयाबद्दल. तुम्ही शून्याचा अर्थ 'तेजी महिन्याची झाली' असा लावलात, तिथेही थोडी गफलत आहे. अरून ट्रेंडचं वय सांगत नाही, शेवटच्या टोकाचं वय सांगतं, तेही पंचवीसपर्यंतच. समजा एखादा शेअर सरळ रेषेत साठ दिवस चढतोय. त्याचा सर्वांत खालचा लो रोज खिडकीच्या मागच्या टोकालाच असणार, म्हणजे डाउन रोज शून्य. तिसाव्या दिवशीही शून्य, साठाव्या दिवशीही शून्य. शून्याच्या पलीकडे त्याला दिसत नाही. वय हवं असेल तर डाउन शेवटचं १०० कधी होतं तिथवर मागे जाऊन कँडल मोजायच्या.

आणि अप २८ म्हणजे 'ताकद २८ टक्के' नव्हे. उच्चांक १८ कँडल जुना, एवढाच निरोप आहे त्यात.

---

खानदेशी_बैल

म्हणजे मी म्हटलं तेच. ५० लावलं असतं तर शेपटी बाहेर गेलीच नसती.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

शेपटी आत राहिली असती हे खरं. पण तिच्यासोबत आणखी काय आत आलं असतं? पांझराभाऊ, त्या घबराटीच्या आधी भाव कुठे होता?

---

पांझराकाठ (धुळे)

वरून पडतच आला होता. १ नंबरच्या आधी १९ कँडल, हाय २६८.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

तो २६८ विकायच्या दिवशी ४५ कँडल जुना झाला. म्हणजे ५० वर अप १०, आणि २१२ चा तळ २६ कँडल जुना म्हणून डाउन ४८. बैलभाऊ, तुमच्या सेटिंगवर तर तो शेअर अख्खा वेळ मंदीतच दिसला असता. उडी बंद झाली नाही, पुढे ढकलली गेली, आणि बदल्यात जुनी घसरण गळ्यात पडली.

---

पांझराकाठ (धुळे)

गंमत बघा, आत्ता १४ लावून बघितलं. त्याच दिवशी अप १००, डाउन २८.५७. दिवस एक, शेअर एक. १४ म्हणतं ताजी तेजी, २५ म्हणतं पळा, ५० म्हणतं तेजी आलीच कुठे. मी कुणाचं ऐकायचं?

---

सातपुडा शहादा

मला गिरणाभाऊंचं सगळं पटत नाही. उडी शेपटी बाहेर गेल्याने झाली, मान्य. पण उडीनंतर अरून जे सांगतंय ते खोटं आहे का? मागच्या २६ कँडलमध्ये उच्चांक आधी आला, तळ नंतर आला. आदल्या दिवशीपर्यंत एका सकाळच्या घबराटीने ही गोष्ट झाकून ठेवली होती. ९ व्या कँडलनंतर अठरा दिवस नवा हाय नाही आणि मध्ये २८ रुपयांची घसरण. याला तेजी म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या मते क्रॉस उशिरा आला, पण खोटा नव्हता. पांझराभाऊंनी क्रॉसवर विकलं ही चूक नाही, तो २५३ ला गेला हा त्यांचा नशिबाचा भाग.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

'उशिरा' हाच तर मुद्दा आहे, दादा. २२४ चा तळ हा दहा दिवसांपूर्वीचा निरोप होता. तो निरोप हाती पडला तेव्हा भाव तळापासून २० रुपये वर आलेला. ज्या क्रॉसमध्ये एक रेघ थेट १०० ला जाते, त्यात आजचं काहीतरी असतं. यात नव्हतं.

पण वय मोजताना मीही अडकतो हे कबूल. डाउन शेवटचं १०० झालं ते १ नंबरला, कारण १७ व्या दिवशी २१२ आतच होता. त्या हिशेबाने चढ २६ कँडलचा. डोळ्याने बघितलं तर आत्ताचा चढ १७ पासूनचा, दहा कँडलचा. दोन्ही बरोबर वाटतात.

---

सातपुडा शहादा

मग शेपटी धरायचीच नाही. हाय-लोऐवजी क्लोजवर मोजा. त्या दिवशी क्लोज २२९, शेपटी आपोआप गायब.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

करता येतं, पण १९९५ मध्ये तुषार चांदे यांनी ते मांडलं ते हाय-लोवर. क्लोजवर ती वेगळीच वस्तू होते, आणि दिवसभरात मारलेला खरा उच्चांकही सुटतो. अर्थात १७ व्या दिवसाचा क्लोज २२९ च्या खाली असेल, तर क्लोजवर त्याच दिवशी डाउन १०० झालं असतं, दहा दिवस आधी. पांझराभाऊ, तो बघून टाका जमलं तर.

रावेरवाले दादा, तुम्हाला उत्तर राहिलं. अरुण म्हणजे तोच आपला, उगवतीचा. संस्कृतातूनच नाव घेतलंय. तुमच्याकडे दिवसाला एकच भाव आहे, त्यामुळे हाय-लो दोन्हीच्या जागी तोच जाईल. दोन गोष्टी सांभाळा. हे दिवस मोजत नाही, ओळी मोजतं. बाजार बंद असलेले दिवस तुम्ही रिकामे सोडले असतील तर त्या ओळी काढा, नाहीतर २५ चा हिशेब बिघडेल. दुसरं म्हणजे जाहीर भाव चार-चार दिवस तोच राहतो ना?

---

केळीवाला रावेर

हो, तोच राहतो. कधी आठवडाभरसुद्धा हलत नाही.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

तिथेच गोम आहे. सर्वांत वरचा भाव लागोपाठ चार ओळी तोच असेल, तर उच्चांक पहिल्या दिवशी झाला की आज? जुनी ओळ वर, नवी खाली अशी शीट असेल तर हे सूत्र लावा, पण ते सर्वांत जुना दिवस धरतं:

```
=100*(MATCH(MAX(B2:B27),B2:B27,0)-1)/25
```

चार दिवस सारखा भाव असेल तर हे आज ८८ दाखवेल. काही सॉफ्टवेअर सर्वांत नवा दिवस धरतात, ती १०० दाखवतील. आठवडाभर न हललेल्या भावात हा फरक मोठा होतो. तुमच्या कामाला मी जुना दिवस धरेन, कारण भाव वाढायचा कधी थांबला ते तुम्हाला हवंय. कापणी थांबवायची की नाही, ते मात्र यातून निघणार नाही. ते घडाकडे बघूनच.

---

पांझराकाठ (धुळे)

१७ व्या कँडलचा क्लोज २३०.४०. म्हणजे २२९ च्या वरच, क्लोजवरही तळ १ नंबरलाच राहिला. सातपुडादादा, तुमचा इलाज इथे दीड रुपयाने हुकला.

रात्री दुकान वाढवल्यावर वर्षभराचा चार्ट मागे नेला. अप-डाउनचे नऊ क्रॉस सापडले. त्यातले तीन शून्यावरून अधल्यामधल्या आकड्यावर उडालेले, माझ्यासारखे. त्या तिनांपैकी दोनदा भाव उलट गेला, एकदा मात्र क्रॉसनंतर खरंच ३१ रुपये पडला. आता त्या एकाचं काय करायचं?

---

सातपुडा शहादा

त्या एकाच्या वेळी अप किती होतं आणि शेवटचा हाय किती जुना, ते टाका.

---

पांझराकाठ (धुळे)

अप ८, म्हणजे हाय २३ कँडल जुना. तीनच दिवसांत तोही खिडकीबाहेर जाणार होता, हे आत्ता लिहिताना दिसलं.