इंग्रजी स्पेलिंग सारखं ठेवलं की मराठी नाव आपोआप जुळतं?

हिशेबनीस: नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकला, अशी रड रोज वाचतो. साधी गोष्ट आहे. आधार, पॅन, बँक, सगळीकडे एकच इंग्रजी स्पेलिंग टाका. मराठी नाव संगणक आपोआप करतो, त्याकडे बघायचीही गरज नाही. निष्काळजीपणा लोकांचा आणि खापर व्यवस्थेवर!

फॉर्मवाला: तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

Kale असं टाकलं तर काळे, काले की कळे, हे यंत्राला कळायला मार्गच नाही. ळ-ल, ण-न, अ-आ हे भेद रोमनमध्ये पुसले जातात. मग यंत्र अंदाज बांधतं, आणि तो अंदाज तुमच्या आधारवर छापला जातो.

एक नाव घेऊ: ज्ञानेश्वर रामचंद्र कुऱ्हाडे. इंग्रजीत Dnyaneshwar Ramchandra Kurhade टाकलं की खालच्या चौकटीत ‘ड्न्यानेश्वर’ आणि ‘कुर्हाडे’ असं काहीतरी उमटू शकतं. ते हाताने दुरुस्त करायचं असतं. आधार केंद्रावर नाव नोंदवायला आलेल्या माणसासमोर दुसरा पडदा ठेवलेला असतो तो यासाठीच. पण रांग लागलेली असते, माणूस इंग्रजी वाचून ‘बरोबर’ म्हणतो आणि पावतीवर सही करतो. पावतीवर दोन्ही लिप्यांत नाव असतं, तरी मराठी कोणी वाचत नाही. सातबाऱ्यावर मात्र नाव फक्त मराठीत असतं. फार्मर आयडी काढताना आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी ताडून पाहतात, आणि जुळणी कमी पडली की अर्ज पडताळणीला जातो. यात त्या शेतकऱ्याचा निष्काळजीपणा कुठला?

माझं म्हणणं उलट आहे. आधी मराठी नाव पक्कं करा. शाळेचं जनरल रजिस्टर, दाखला, जातीचा दाखला, सातबारा, सगळं मराठीत आहे. ते ठरलं की त्याचं एक इंग्रजी स्पेलिंग ठरवा. दोन्ही चौकटी स्वतंत्र भरा, एकीवरून दुसरी करू नका.

सरळ_सांगतो: एवढा खटाटोप कशाला? स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करायचं, ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’. माझं बँकेचं काम तेवढ्यावर झालं.

फॉर्मवाला: बँकेच्या एका शाखेत चाललं असेल, नाकारत नाही. पण प्रतिज्ञापत्राने कुठल्याही नोंदीतलं नाव बदलत नाही, ते त्या एका टेबलापुरतं. पुढच्या टेबलावर पुन्हा तेच. सातबाऱ्यावर लिहिण्यातली चूक असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, मूळ फेरफाराची नक्कल जोडून. मूळ फेरफारात नाव बरोबर आणि सातबाऱ्यावर चुकलं असेल तर काम सोपं. फेरफारातच चूक असेल तर वेळ लागतो. आधारवर नाव बदलायची मुभा आयुष्यात दोनदाच आहे, त्यामुळे ‘आधी आधार बदलून बघू’ हा सल्ला कोणी देऊ नये.

टंकन_प्रेमी: मंगल फॉन्ट टाका, सगळं नीट दिसेल. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे हा.

फॉर्मवाला: दिसण्याचा प्रश्नच नाही, खाली काय साठवलंय त्याचा आहे. ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात:

```
ऱ्ह = U+0931 U+094D U+0939
र्‍ह = U+0930 U+094D U+200D U+0939
```

दुसऱ्यात मधे एक अदृश्य खूण आहे. काही फॉर्म ती खूण काढून टाकतात, मग उरतं र् + ह आणि रफार येऊन ‘कुर्हाडे’ होतं. तुम्ही बरोबर टाकलेलं असतं, छापून भलतंच येतं. इनस्क्रिप्टवर Shift+J ने थेट ऱ येतो, मग d, मग u. तसाच टाका. ओळखायचं कसं? एका प्रकाराने टाकलेलं नाव त्याच पानावर Ctrl+F ने दुसऱ्या प्रकाराने शोधा. बऱ्याचदा सापडत नाही. आणि पीडीएफमधून नाव कॉपी करून चिकटवू नका, जोडाक्षरं मोडून येतात.

टंकन_प्रेमी: हे माहीत नव्हतं. पण मंगल चांगलाच आहे.

माहेरवाशीण: तुमचं ऱ आणि ळ होईल दुरुस्त. माझं सगळं नावच दोन आहे, त्याचं काय? पदवी माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, त्यात भावाने माझं नाव सासरचं सांगितलं आणि तेच सातबाऱ्यावर चढलं. आधार माहेरच्या नावाने. आता मी माझ्याच जमिनीची मालकीण आहे हे मला सिद्ध करायचंय. प्रत्येक खिडकीवर विचारतात, ‘तुमचं खरं नाव कोणतं?’

हिशेबनीस: लग्नानंतर लगेच सगळीकडे नाव बदलून घेतलं असतं तर हे झालंच नसतं. मी तेच म्हणतोय, एकच नाव.

माहेरवाशीण: मग लग्नानंतर तुम्ही का नाही बदललंत? लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पॅन बदला म्हणून घरच्यांनी सांगितलं, वारस नोंदीत मला कोणी विचारलंही नाही, आणि चूक माझी? हा सूर आधी थांबवा.

गोदाकाठ: ताई बरोबर बोलतायत. माझ्या बहिणीला परीक्षेच्या फॉर्मवर दहावीचं नाव हवं होतं आणि आधार सासरचं. ऐन वेळी किती धावपळ! हिशेबनीस, तुमच्या घरात कुणी असतं तर असं बोलला नसतात.

हिशेबनीस: माझ्या घरातल्यांवर जायची गरज नाही. बायकोने माझं आडनाव स्वतःच्या मर्जीने लावलंय.

फॉर्मवाला: भांडू नका. ताई, तुमच्या प्रकरणात सांधा आहे तो लग्नाच्या नोंदणीचा दाखला. त्यावर माहेरचं नाव असतं, नवऱ्याचं नाव असतं. तो आणि वारस फेरफाराची नक्कल लावून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, आणि नाव ‘ऊर्फ’ लावून दोन्ही यावं असं लेखी मागा. पण आधी ठरवा कोणतं नाव पुढे चालवायचं. माहेरचंच ठेवायचं असेल तर पॅन बदला, ते तुलनेने सोपं. सासरचं कायम करायचं असेल तर आधार बदलावं लागेल.

माहेरवाशीण: माहेरचंच ठेवायचंय. पॅन बदलते. पण ‘ऊर्फ’ लावायला तो अधिकारी तयार होईल का?

फॉर्मवाला: खरं सांगतो, काही होतात, काही ‘दिवाणी कोर्टात जा’ म्हणतात. लेखी नकार मागा, तोंडी घेऊ नका.

हिशेबनीस: ठीक आहे. मराठी चौकट वाचून घ्यावी हे मान्य, ऱ चा प्रकारही पटला. बाकी इंग्रजी स्पेलिंग सारखं हवं हे मी म्हणालो ते चूक नव्हतं. पॅन आणि आधार जोडताना तेच बघतात.

फॉर्मवाला: ते चूक नाही. ‘मराठीकडे बघायची गरज नाही’ हे चूक होतं.

नवा_बाप: विषयाला धरून एक विचारतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम शासनाने ठरवलाय. मुलीच्या जन्मदाखल्यावर चारही आहेत. आता आधारला चारही टाकू की तीन? आणि पासपोर्टला आईचं नाव given name च्या चौकटीत जाणार का?

सरळ_सांगतो: तीनच टाका, सुटसुटीत.

फॉर्मवाला: नको. जन्मदाखल्यावर चार असतील तर आधारलाही चारच, त्याच क्रमाने, दोन्ही लिप्यांत. पासपोर्टचं माझ्या केंद्रातून होत नाही, त्यामुळे अंदाजाने सांगणार नाही. अशा मुलाचा पासपोर्ट नुकताच कोणी काढला असेल तर इथे लिहा.