मदत हवी आहे: झेनोडोरस नेमका कोण?

नमस्कार मंडळी, समान परिमितीच्या आकृत्यांत वर्तुळाचं क्षेत्रफळ सर्वांत जास्त, हे सिद्ध करणाऱ्या ग्रीक गणिती झेनोडोरसचा काळ ठरवतोय. त्याचा ग्रंथ उरलेला नाही. टॉलेमीच्या खगोलग्रंथावर भाष्य करताना चौथ्या शतकातल्या थिऑननं त्यातला भाग नाव घेऊन दिलाय. गणिती पापसनं तोच युक्तिवाद वापरला, पण नाव घेतलं नाही.

त्या भागात आर्किमिडीजचा आधार घेतलाय, म्हणजे झेनोडोरस त्याच्यानंतरचा. आर्किमिडीज गेला इ.स.पू. 212 मध्ये. पण थिऑनपर्यंत पाच शतकांहून जास्त अंतर उरतं, आणि एवढ्या मोठ्या पट्ट्याला मी काळ म्हणणार नाही.

हा पट्टा आवळणारा दुवा ग्रीक गणिती डायोक्लीसच्या ज्वालक आरशांवरच्या, म्हणजे सूर्यकिरण एकवटून जाळणाऱ्या आरशांवरच्या ग्रंथात आहे. तो अरबी भाषांतरात टिकला आणि 1976 मध्ये टूमर यांनी छापला. प्रस्तावनेत डायोक्लीस सांगतो, की झेनोडोरस नावाचा खगोलज्ञ आर्केडियात आला आणि त्यानं आरशाचा प्रश्न विचारला. डायोक्लीसचा काळ साधारण इ.स.पू. 200 च्या आसपासचा. हर्क्युलेनियमच्या पपायरसमधल्या, फिलोनिडीस या तत्त्वज्ञाच्या चरित्रातही हे नाव येतं.

माझी अडचण ही, की नाव सारखं म्हणून माणूस एकच धरावा का? भाष्यकार प्रोक्लसनं उल्लेखलेला झेनोडोटस वेगळाच, तरी पूर्वी त्याची याच्याशी गल्लत झाली होती.

शिलालेखांतून त्या काळात हे नाव किती प्रचलित होतं, हे कुणी तपासलंय का? नाव दुर्मीळ असेल तर थिऑन, डायोक्लीस आणि फिलोनिडीसचं चरित्र या तिन्ही ठिकाणचा झेनोडोरस एकच असण्याची शक्यता बळावते. ग्रीक किंवा अरबी मूळ पाठ वाचणाऱ्यांनी जरूर लिहा.