अनुभव सांगा: ‘अजून थोडं कमी करा’ला नाही म्हणूनही गिऱ्हाईक टिकवलं, ते कसं?

ट्रॉलीवाला, नाशिक

किचन ट्रॉल्या आणि फर्निचरचं काम करून मला सोळा वर्षं झाली. पहिली सहा-सात वर्षं मी कमी करत गेलो आणि दोनदा स्वतःच्या खिशातून प्लायचं बिल भरलं. आता किंमत तोडत नाही, तरी बहुतेक कामं हातात राहतात. मागच्या वर्षीचं एक काम आकड्यांसकट सांगतो. तुम्हीही तुमच्या धंद्यातलं सांगा, कापड असो, धान्य असो की शिकवणी.

निवृत्त शिक्षक जोडपं होतं, एल आकाराचं किचन. माझं कोटेशन 2,80,000 चं, जीएसटी वेगळा. पहिल्या बैठकीत मी 8,000 सोडले, कारण त्यांच्या पुतण्याचं काम मीच केलं होतं. चार दिवसांनी काका परत आले. म्हणाले, “अडीचला करून टाका, आजच ॲडव्हान्स देतो.” म्हणजे आणखी 22,000 कमी.

माझा हिशेब असा होता. प्लाय, लॅमिनेट, ॲक्रिलिक, चॅनेल, बिजागऱ्या मिळून 1,70,000. सुतार आणि हेल्पर 48,000. टेम्पो आणि फिटिंगचं किरकोळ 8,000. दोन लाख बहात्तर हजारांतून हे गेलं की 46,000 उरतात. त्यातून शेडचं भाडं, वीजबिल, आणि वर्षभर “शटर घासतंय, येऊन बघा” म्हणून मारायच्या फेऱ्या. म्हणजे काका एकूण रकमेच्या आठ टक्के मागत होते, पण माझ्या हातातले जवळजवळ निम्मे.

मी “परवडत नाही” म्हटलं नाही. त्या वाक्यावर गिऱ्हाईकाचा कधीच विश्वास बसत नाही. मी कोटेशनचा कागद त्यांच्याकडे फिरवला, पेन दिलं आणि विचारलं, “काका, यातलं काय आत्ता नको?” गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न हाच. समोरचा खरंच कागदावर बघायला लागला, तर त्याच्याकडे पैसे तेवढेच आहेत. “काढू काहीच नका, फक्त आकडा कमी करा” म्हणाला, तर पैसे आहेत, आपण फसू नये एवढीच त्याला काळजी आहे. दोघांना द्यायचं उत्तर वेगळं असतं.

काका बघायला लागले. काकूंनी आधी बोट ठेवलं माळ्याच्या दारांवर. म्हणाल्या, “वर स्टूल घेऊन कोण चढतंय आता?” माळ्याची दारं 14,000 ची होती. चौकट बसवून ठेवू, दारं हवी तेव्हा लावू, असं ठरलं. मग वरच्या कपाटांचं ॲक्रिलिक काढून लॅमिनेट केलं, त्यात 9,000 वाचले. एकूण 2,49,000. माझाही खर्च सोळा-एक हजारांनी उतरला, म्हणजे माझे 39,000 शिल्लक राहिले.

एका ठिकाणी मात्र काका अडले. सिंकखालच्या बॉडीला 710 प्लायऐवजी साधं एमआर घ्या म्हणाले. तिथे मी सरळ नाही म्हटलं. सिंकखाली पाइप पाझरतोच. एमआर प्लाय दमटपणा सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत खालची कड फुगते, स्क्रू पकड सोडतो, शटर लोंबकळतं. फुगलेल्या प्लायचा एक तुकडा मी शेडमध्ये ठेवलेला आहे, तो काकांच्या हातात दिला. थर नखाने सुटतात त्याचे. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पदराचं काम

दादा, आमच्याकडे असा कागद नसतो. साडी एकच, तिच्यातून काय काढणार? माझं पैठणीचं छोटं दुकान आहे. बारा हजारांच्या साडीला बाई म्हणतात, “पलीकडे नऊला आहे.”

मी साडी उलटी करते, पदराची मागची बाजू वर. हातमागावर विणलेल्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास तसाच दिसतो. मोर मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच गुंफलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लांब सुटलेले असतात किंवा कापलेले असतात. मी म्हणते, “वहिनी, तिथे जाऊन नऊवाली उलटी करून बघा. अशीच असली तर तीच घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही.” बऱ्याच जणी परत येतात. सगळ्या नाही.

आणि एकीला कमी का करायचं नाही, ते मी एकदाच शिकले. एका बाईंना 1,500 कमी केले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जाऊबाई आल्या, तीच साडी, “माझे दोन हजार कमी करा.” नाही म्हटल्यावर दोघींच्याही मनातून मी उतरले. बाराला बारा दिली असती तर दोघी राहिल्या असत्या.

मी फॉल-पिको मोफत करून देते. तेवढ्याने हात मोकळा सोडल्यासारखं वाटतं आणि किंमत तिथेच राहते.

मोरया ट्रेडर्स

एवढं डोकं कशाला लावायचं? दहा टक्के आधीच चढवून ठेवायचे आणि मागितले की सोडायचे. गिऱ्हाईकही खूश, आपणही. आमच्या बाजारात सगळे हेच करतात.

ट्रॉलीवाला, नाशिक

मोरया, रस्त्यावरून जाता जाता येणाऱ्या गिऱ्हाईकाला ते चालत असेल. पण मागायला संकोच वाटतो असा माणूस पूर्ण पैसे देऊन जातो, आणि त्याला शेजाऱ्याकडून कळतं. साधा माणूस जास्त देतो, रेटणारा कमी देतो. मला ते पटत नाही. शिवाय माझी ऐंशी टक्के कामं ओळखीतून येतात, तिथे हे महिनाभरही लपत नाही.

फरशी-सांगली

मी टाइल्स आणि सॅनिटरीचा डीलर. मोरयांचं अर्धं बरोबर आहे. घासाघिशीला जागा ठेवावी लागते, नाहीतर काही गिऱ्हाइकं दुसऱ्या वाक्यालाच उठतात. पण ती जागा फुकट सोडायची नाही, तिच्या बदल्यात काहीतरी घ्यायचं.

हिशेब बघा. शंभरच्या मालावर माझे वीस सुटतात. पाच टक्के सोडले की पंधरा उरले, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा गेला. तेवढाच पैसा परत कमवायचा तर एक तृतीयांश माल जास्त विकावा लागतो. एका “बरं, घ्या” साठी.

म्हणून कॉन्ट्रॅक्टर पाच टक्के मागतो तेव्हा मी विचारतो, पैसे कधी? तो पंचेचाळीस दिवसांनी देणार असतो. मी म्हणतो, गाडी भरायच्या आधी पूर्ण पेमेंट केलंत तर दोन टक्के देतो. उधारीवर एक रुपयाही नाही. माझा पैसा दीड महिना अडकत नाही, वसुलीला माणूस पाठवावा लागत नाही, ते दोन टक्के मला तिथेच भरून येतात. दुसरी अट उरलेल्या पेट्यांची. “उरलेला माल परत करणार नसाल तर एक टक्का आणखी.” परत आलेल्या दोन-चार पेट्या दुसऱ्या लॉटच्या शेडला जुळत नाहीत आणि गोडाऊनमध्ये पडून राहतात. हे फरशीवाल्यालाच कळेल.

एक ध्यानात ठेवा. अट घातली की पाळायची. पैसे नंतर देऊन दोन टक्के कापून घेणारे असतात. एकदा चालवून घेतलं की तोच तुमचा भाव.

मुलुंडकर काका

मी दुकानदार नाही, तरी लिहितो. मेडिकलवाला मला नेहमी दहा टक्के देतो, परवा नवीन मुलगा होता तो देईना. अशा वेळी काय बोलावं म्हणजे मिळतं, कुणी सांगेल का?

बाकी एक सांगतो. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात फ्रिज पसंत केला. कार्ड हातात काढलेलं होतं. सहज विचारलं, “काही कमी होईल का?” तो माणूस मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “परवडत नसेल तर छोटा बघा.” मी तिथून निघालो आणि त्याच किमतीला दुसरीकडे घेतला. एक पैसा वाचला नाही, पण तिथल्या पोरीने उठून जुना फ्रिज कोण नेईल, कधी नेईल ते सगळं लिहून दिलं.

पदराचं काम

काका, तुमच्या मेडिकलचं मला नाही सांगता येणार. पण फ्रिजचं वाचून पोटात कालवलं. दिवसभरात पंचवीस जणींनी विचारलं की सव्विसाव्या बाईशी माझाही आवाज चढतो. चूक तिची नसते.

देवगडहून पेटी

आमच्या मालाला हे सगळं लागू होत नाही, म्हणून लिहितो. मी दर वर्षी हापूस आणून ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये देतो. पेटी कडक असते तेव्हा मी भाव अजिबात तोडत नाही. डझनाला दोनशे कमी मागितले तर त्याच बागेचं लहान फळ दाखवतो. अडीचशे ग्रॅमच्या जागी दोनशेचं. “चव तीच, फोडी कमी.” आमरस करणारे ते आनंदाने घेतात, पाहुण्यांना कापून द्यायचे असतील ते मोठ्यावर येतात. भाव तुटला नाही, माणूस रिकाम्या हाताने गेला नाही.

पण आंबा पिवळा झाला, देठाजवळ वास सुटला, की घड्याळ माझ्या विरुद्ध चालतं. दोन दिवसांत ती पेटी गेली नाही तर फळाला सुरकुत्या येतात, डाग पडतात. गेल्या मे महिन्यात एका बाईंना मी बाणेदारपणे नाही म्हणालो, डझनाला शंभर रुपयांसाठी. तीन पेट्या होत्या. चौथ्या दिवशी त्यातली एक घरीच रसाला लावली, दुसरी अर्ध्या भावात दिली. फर्निचर थांबतं, साडी थांबते, आंबा थांबत नाही. नाही म्हणायच्या आधी मी आता फळाकडे बघतो.

फरशी-सांगली

हे मात्र अगदी खरं. माझ्याकडे बंद झालेल्या डिझाइनचा माल असला की मीही ताठ राहत नाही.

ट्रॉलीवाला, नाशिक

पदरताई, फॉल-पिकोबद्दल माझं मन दोन्हीकडे जातं. मी काही वर्षं प्रत्येक किचनबरोबर चमच्यांचा ट्रे मोफत देत होतो. पुढे लोक तो धरूनच चालायला लागले. “ट्रे तर असतोच, वर काय देताय?” शेवटी ट्रे बंद केला आणि दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली.

पदराचं काम

माझ्याकडे अजून तसं झालं नाही. फॉल-पिको बिलावर रक्कम लावून लिहिते आणि पुढे ती वजा दाखवते, त्यामुळे असेल. का नुसतं अजून व्हायचं आहे, कोण जाणे.

शिवणकला, कोल्हापूर

ब्लाउज शिवते. बाहेरच्यांना मला नाही म्हणता येतं. नणंदा, मावशा, शेजारच्या वहिनी यांचं काय करता तुम्ही? अस्तराच्या ब्लाउजला माझे एक दिवसाचे तास जातात आणि त्या म्हणतात, “घरातल्या घरात कसले पैसे?” इथे कागदही फिरवता येत नाही आणि पदरही.

फरशी-सांगली

मी सख्ख्या मेव्हण्याला खरेदीच्या भावात माल दिला, बिल समोर ठेवून. त्यानंतर त्याचे तीन मित्र त्याच भावाला आले. ताई, मलाही हे जमलेलं नाही.

ट्रॉलीवाला, नाशिक

मी पाहुण्यांना मजुरी सोडतो, मालाचे पैसे आधी घेतो. तुमच्याकडे मजुरीच सगळी, त्यामुळे हे उपयोगाचं नाही. शिवणकाम करणाऱ्या आणखी कुणी असतील तर लिहा.

आणि हो, त्या काकूंचा दिवाळीनंतर फोन आला होता. माळ्याची दारं लावून हवी आहेत. भाव विचारला, मी 14,000 च सांगितले. “ठीक आहे, रविवारी या,” म्हणाल्या.