लेवीच्या साक्षीत 'निवेदनतंत्र' कसलं शोधता?

रणजित_क : भाचीला एम.ए.ला निबंध आलाय: प्रीमो लेवीच्या 'इफ धिस इज अ मॅन'मधलं निवेदनतंत्र. माणूस नाझींच्या ऑशविट्झ छावणीतून जिवंत परत आलाय आणि ही पोरं त्याच्या वाक्यांची लांबी मोजणार! साक्ष आहे ती, कादंबरी नव्हे. तिच्यापुढे गप्प बसावं. मार्क कसले देताय?

मधुरा ज. : गप्प बसणाऱ्यांची लेवीला कमतरता नव्हती. 1947 साली एइनाउदी या मोठ्या इटालियन प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं. दे सिल्वा नावाच्या छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. एइनाउदीने पुस्तक काढलं ते थेट 1958 मध्ये.

आता तंत्राचं. त्याच छावणीवर लेवीने आणखी एक मजकूर लिहिलाय. सुटकेनंतर रशियनांनी मागितला म्हणून त्याने आणि डॉक्टर दे बेनेदेत्ती यांनी ऑशविट्झमधल्या मोनोवित्झच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल केला. तो 1946 मध्ये इटलीतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात आजार आहेत, अन्न आहे, दवाखान्याची व्यवस्था आहे, 'मी' जवळजवळ नाहीच. पुस्तकात तोच दवाखाना येतो, पण तिथे खाटेवर पडलेला एक माणूस बाहेर कामाला निघालेल्यांचा बँड ऐकतोय. माणूस तोच, छावणी तीच, खरेपणाही तितकाच. मग पुस्तकात वेगळं काय केलंय, हे विचारलं तर कुणाच्या दुःखाचा अपमान झाला? मला तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुस्तक वाचलं असं म्हणवत नाही.

पुस्तकातलं यूलिसिसचं प्रकरण घ्या. लेवी आणि पिकोलो म्हणून ओळखला जाणारा एक तरुण कैदी सूप आणायला निघालेत, येताना पन्नास किलोचं भांडं दोन दांड्यांवर पेलून आणायचंय. वाटेत लेवी त्याला दान्तेच्या महाकाव्यातला यूलिसिस ऐकवायला बघतो आणि मधल्या ओळी आठवत नाहीत. त्या जोडून देणाऱ्याला आजचं सूप देऊन टाकीन, असं तो लिहितो. मग दोघे रांगेत पोचतात, आज कोबी आणि सलगम असल्याचं जर्मन, फ्रेंच, हंगेरियनमध्ये पुकारलं जातं, आणि त्याला लागूनच दान्तेची समुद्र डोक्यावर मिटण्याची ओळ. तिथे प्रकरण संपतं. भाचीने लिहावं ते हे: सुपाच्या घोषणेनंतर लेवी स्वतःचं एक वाक्यही घालत नाही. आपण कुठे रडायचं ते तो सांगत नाही. 'अतिशय प्रभावी शेवट' असं लिहिलं की मात्र निबंध घसरला, कारण मग छावणी ही लेखकाला मिळालेली छान सामग्री होऊन बसते.

रणजित_क : वा. म्हणजे उपाशी माणूस सूप देऊन टाकणार होता. हेच तर म्हणतोय! हे साहित्यिक वाक्य आहे, साक्षीत कशाला?

मधुरा ज. : हा आक्षेप लेवीला माहीत होता. 1986 च्या शेवटच्या पुस्तकात तो त्याच वाक्याकडे परत येतो आणि सांगतो, मी खोटं बोललो नाही, फुगवूनही सांगितलं नाही. भाकरी आणि सूप, म्हणजे रक्तच, तिथे काय किमतीचं होतं ते त्याला ठाऊक होतं. तुम्हाला नाही, मलाही नाही.

प्राची_वाचते : मी मधुराताईंच्या बाजूने. तंत्र तपासलंच पाहिजे, नाहीतर खोटारडे सुटतात. छावणीतल्या बालपणाच्या खोट्या आठवणी लिहिणारा 'फ्रॅगमेंट्स'वाला विल्कोमिर्स्की असाच पकडला गेला ना? शैलीवरूनच कळलं.

मधुरा ज. : बाजू घेतलीत, आभार, पण शैलीवरून कुणालाच कळलं नव्हतं. 1995 मध्ये पुस्तक आलं तेव्हा तुकड्यातुकड्यांतली ती मुलाची आठवण समीक्षकांनी डोक्यावर घेतली. 1998 मध्ये एका स्विस पत्रकाराने कागदपत्रं काढली तेव्हा निघालं की हा स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला, दत्तक गेलेला मुलगा. तंत्राच्या अभ्यासातून मजकूर वाचकावर काय करतो ते कळतं. घडलं की नाही ते दप्तरात बघावं लागतं. निबंधात या दोन गोष्टींची सरमिसळ नको.

बीडकर : तुमचं चालू द्या युरोपचं. आमच्या आजीने रझाकारांच्या काळात कडब्याच्या गंजीत रात्री काढल्या, तिच्यावर कोण निबंध देतंय? आणि एक सांगतो, ती कधी एक रात्र म्हणायची, कधी तीन. जात्यात अर्धवट राहिलेलं दळण मात्र दर वेळी तेच, ज्वारीचं. शेवटी शेवटी काका रेकॉर्डिंगसाठी तिच्यासमोर फोन धरून बसायचे आणि 'तीन म्हण' असं सांगायचे.

सतीश_लातूर : रझाकारांचं सांगा, जरूर सांगा. मग सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात मुसलमानांचं काय झालं तेही सांगा. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल किती वर्षं दाबून ठेवला होता, ते पण.

बीडकर : आलात? माझ्या आजीचं बोलतोय मी. तिच्यापुढे तुमची समिती कशाला?

सतीश_लातूर : माझ्याही आजीचंच. तिच्या शेजारचं घर रिकामं झालं ते ऑक्टोबरात. ती ते कधीच कुणासमोर नीट सांगायची नाही, आणि तिच्यापुढे फोन धरायलाही कुणी बसलं नाही.

रणजित_क : बघा. म्हणून म्हणतो, साक्षीला हात लावू नका. काकांनी लावला, तीन रात्री झाल्या.

मधुरा ज. : हात लेवीनेही लावलाय. स्टाइनलॉफचं प्रकरण, साबण नसताना घाण पाण्याने का होईना रोज अंग धू म्हणणारा तो जुना सार्जंट, 1947 च्या आवृत्तीत नव्हतंच. ते 1958 ला आलं.

रणजित_क : अकरा वर्षांनी घुसडलं! आणि म्हणे साक्ष.

मधुरा ज. : निबंधात हे लपवायचं नाही, उलट तिथूनच सुरुवात करायची. नंतर घातलेलं प्रकरण असेल तर ते बोधकथा व्हावं अशी आपली अपेक्षा असते. इथे उलट आहे. सार्जंटचं सगळं ऐकून घेतल्यावर लेवी म्हणतो, मला हे पुरत नाही, दुसऱ्याने रचलेली शिस्त मी तशी घेऊ शकत नाही. अकरा वर्षं मिळूनही त्याने स्वतःला शहाणं करून दाखवलेलं नाही. काकांनी आजीला तीन रात्रींचं धैर्य चिकटवलं, तिला ते नको होतं. फरक तिथे आहे. वारंवार सांगितलेली आठवण साच्यात बसते, तिच्यावर नक्षी चढते, हेही लेवीनेच 1986 मध्ये लिहून ठेवलंय. स्वतःला धरून.

बीडकर : काकांना नावं ठेवू नका, नाहीतर तेवढंही उरलं नसतं. पण नक्षीचं लिहिताय ते बरोबर आहे. दळणावर मात्र कुणी हात फिरवला नव्हता.

सतीश_लातूर : कशावरून? ज्वारीचं दळण सगळ्याच आज्यांच्या गोष्टीत असतं.

बीडकर : आमच्या आजीच्या आधी नव्हतं.

प्रथमवर्ष_एमए : मधुराताई, 'अहवालात मी नाही' यावर आठशे शब्द होतील का? आणि मारहाणीचे उतारे किती द्यायचे? आमचे सर म्हणतात, भरपूर द्या.

मधुरा ज. : होतील. ज्या उताऱ्यातल्या वाक्यावर तुला काही म्हणायचंय तेवढाच दे. ज्यावर म्हणण्यासारखं काही नाही तो फक्त धक्क्यासाठी दिला जातो, आणि तो धक्का तू उसना घेतलेला असतो. अजून एक: छावणीत असलेला लेवी आणि तूरिनला परत येऊन लिहिणारा लेवी, हे कुठल्या वाक्यात कोण बोलतंय ते दर वेळी सांग. निम्म्या चुका तिथे होतात.

रणजित_क : ठीक आहे, भाचीला सांगतो 'प्रभावी' लिहू नकोस म्हणून. तुमच्या सूप-घोषणेचं मी परत वाचलं, घोषणेनंतर खरंच काही नाही. पण मार्क द्यायला माझा विरोध कायम आहे. दहापैकी सात कशाचे देणार, दुःखाचे?

मधुरा ज. : वाचण्याचे.

रणजित_क : हे वाक्य तुम्हाला आधीच सुचलेलं होतं, कबूल करा.

सतीश_लातूर : तो सुंदरलाल अहवाल कुणाला हवा असेल तर पीडीएफ आहे माझ्याकडे.

बीडकर : पाठवा. वाचतो. पटेलच असं नाही.