सोसायटी ग्रुप: बी-२०४ मधली नागीण

मुग्धा (बी-२०४): एक विनंती, लिफ्टमधे बाबांना बघून तोंडावर रुमाल धरू नका. त्यांना नागीण झालीये, साथ नाही. शुक्रवारपासून उजव्या बरगडीखाली आग होत होती, आम्ही गॅस समजून ओवा देत बसलो, काल रात्री पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. डावीकडे एकही नाही.

जोशी काकू (ए-१०१): गेरू लाव गं. छावणीत एकजण उतरवतात. तोंड-शेपूट जुळायला नको बाई.

देशपांडे काका (सी-३): गेरू नको. आजच डॉक्टर. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी.

पिंटू (बी-४०१): भिया नागीण बी विंगमधेच निघणार ना, गवत कधीपासून कापलं नाहीये 😂

सेक्रेटरी: गवताचं मागच्या मीटिंगमधे झालंय. मेंटेनन्स भरा मग बोला.

पिंटू: भरलाय, पावती तुम्हीच देत नाही.

देशपांडे काका: ७२ तास.

डॉ. स्नेहा (ए-३०२): काकू, जुळत नाही ते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून असतो, वय झालं की एखाद्या नसेतून बाहेर येतो, आणि ती नस एकाच बाजूची असते म्हणून पट्टा मधे थांबतो. मुग्धा, असायक्लोव्हिर सहसा ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. पण बाबांना शुगर आहे ना, क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन जा, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात. मनाने आणू नका.

वहिनी (बी-३०४): आमची मुलगी बाळंतपणाला आलीये, तिला काही?

डॉ. स्नेहा: तिला कांजिण्या झाल्या असतील तर काळजी नाही. झाल्या नसतील तर फोडातल्या पाण्यापासून तिला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नाही. खपल्या धरेपर्यंत लांब राहू दे, आणि तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

सेक्रेटरी: उद्या नर्मदेचं पाणी नाही. टाक्या भरून घ्या.

देशपांडे काका: ७२ तास. मी सहाव्या दिवशी गेलो होतो, तोवर गेरूच. फोड पंधरा दिवसात सुकले, आता आठ महिने झाले, तरी बनियन टेकलं की करंट लागतो. पंख्याचा वारा लागला तरी. प्रीगाबॅलिन घेतो, दुखणं कमी होतं पण दुपारी पेंग येते. मला कोणी सांगितलं नव्हतं ग्रुपवर.

जोशी काकू: गेरू मीच दिला होता तुम्हाला.

देशपांडे काका: म्हणूनच लिहिलं नाही.

डॉ. स्नेहा: काका, लवकर गोळी घेऊनही दुखणं मागे राहू शकतं, खात्री नाही. पण फोड लवकर सुकतात. आणि मुग्धा, पट्टा कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असता तर आज रात्रीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

मुग्धा: दाखवून आलो. गोळ्या सुरू, डोस थोडा कमी केलाय. मी ऑफिसला, दुपारच्या दोन गोळ्यांचं कसं करू?

जोशी काकू: ११ आणि ३ ला मी येते. चावी शेजारी ठेव. रुमाल मीच धरला होता गं.