अनुभव सांगा: "प्रस्ताव आमच्या नमुन्यात पाठवा, सारांश पहिले"

धुऱ्यावरची ताई
काल संध्याकाळी पुतणीचा फोन आला, रडकुंडीला आली होती पोरगी. तिच्या गटानं एका मेसवाल्याले डाळ पुरवठ्याचा प्रस्ताव दिला तर परत आला, आमच्या नमुन्यात द्या म्हणे, कार्यकारी सारांश पहिल्या पानावर. मले २०१९ आठवलं एकदम. आमच्या शेतकरी कंपनीचा असाच परत आला होता नागपूरच्या एका खाणावळवाल्या कंपनीकडून. १४ पानं होती. कंपनी कशी सुरू झाली, सभासद किती, मग मिनी दालमिल, मग डाळीची प्रत, सगळ्यात शेवटी दर आणि समारोप. त्यांचा नमुना उलटा होता: सारांश एक पान, मग त्यांची गरज आम्हाले काय समजली ते, पुरवठा कसा करणार, वेळापत्रक, माल खराब निघाला तर काय, दर, आणि कंपनीची माहिती सगळ्यात मागं.

मी काय केलं, समारोपाचं पान उचललं आणि समोर चिकटवलं, वर नाव दिलं सारांश. पहिलंच वाक्य होतं "वरील सर्व माहितीवरून लक्षात येईल की". वर काहीच नाही! शेजारच्या सरांनी दाखवलं तेव्हा समजलं.

मग सगळं प्रिंट करून ओसरीत बसलो. लग्नाच्या जुन्या पत्रिकांच्या पाठीवर त्यांचं एकेक शीर्षक लिहिलं, सात पत्रिका ओळीनं मांडल्या, आणि आमचा एकेक परिच्छेद कात्रीनं कापून ज्याच्या त्याच्या खाली ठेवला, वर गहू निवडायचे खडे ठेवले उडू नये म्हणून. दोन गोष्टी दिसल्या. "माल खराब निघाला तर" या पत्रिकेखाली एकही कागद नव्हता, आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. आणि इतिहासाचे दोन पानं भरून तुकडे उरले, ते शेवटी सहा ओळीत बसवले. सात जणींनी पहिल्या वर्षी डोक्यावर तूर वाहिली होती ते काढताना जीव तुटला.

पण मोठी चूक सारांश नव्यानं लिहिताना सापडली. त्यांना महिन्याले २० क्विंटल डाळ पाहिजे, १० महिने, म्हणजे २००. आमच्याकडं तूर २०० क्विंटल. आम्ही खुशाल "२०० क्विंटल उपलब्ध" लिहून बसलो. १०० किलो तुरीची आमच्या मशीनवर ७० किलो डाळ निघते, म्हणजे १४० च! तुरीचा आकडा पान ३ वर, डाळीचा पान ११ वर, जवळजवळ कधी आलेच नाहीत म्हणून कोणाले दिसलं नाही. २०० डाळीले २८६ क्विंटल तूर लागते, ८६ बाहेरून घ्यावी लागणार, हे मग सारांशात स्पष्ट लिहिलं. ऑर्डर पूर्ण नाही मिळाली, पहिले सहा महिने मिळाले.

तुमचेही असे अनुभव असतील तर सांगा, पुतणीले वाचून दाखवते.

पांदण रस्ता
ताई ७० कसे काय, आमच्याकडं ७३-७४ निघते. तेल लावून किती वेळ ठेवता?

धुऱ्यावरची ताई
रात्रभर ठेवतो भाऊ. वाणावर पण असते ना ते. आणि कागदावर कमीचाच आकडा धरावा, वरचा निघाला तर आपला फायदा.

टायपिंगवाला भाऊ
तालुक्याच्या ठिकाणी माझं झेरॉक्स टायपिंगचं दुकान आहे, महिन्यातून दोन-तीन तरी असे येतात. कात्री चांगली, पण नंतर वर्डमध्ये करताना नुसतं कट-पेस्ट नका करू. प्रत्येक शीर्षकाले Heading 1 द्या, मग View मध्ये Navigation Pane चालू करा, डाव्या बाजूले सगळे शीर्षकं दिसतात, तिथं धरून वरखाली ओढलं की खालचा सगळा मजकूर सोबत जाते. शेवटी Ctrl+A आणि F9 दाबा, अनुक्रमणिका आणि तक्त्यांचे नंबर नवीन होतात. पण ते नंबर वर्डनं टाकलेले असले तरच, हातानं "तक्ता ४ पहा" लिहिलं असंल तर तो तसाच राहते आणि तिथं तक्ता ४ नसतेच. म्हणून मी "वर", "खाली", "आधी सांगितल्याप्रमाणे", "तक्ता" हे शब्द Ctrl+F नं एकेक शोधतो. लघुरूपाचंही तसंच, पूर्ण नाव जुन्या पान १ वर होतं, ते आता मागं गेलं, आणि सारांशात नुसतं लघुरूप उरलं, वाचणाऱ्याले काय समजणार.

सारांश ठेवायचा पहिले, पण लिहायचा सगळ्यात शेवटी. आतलं पक्कं झाल्यावर.

कापूसकोंडा
माझा अनुभव सांगतो, सारांशात पहिल्याच ओळीत दर टाका. वरचा साहेब तेवढंच पाहते, बाकी कोणी वाचत नाही. आमच्या मसाल्याच्या प्रस्तावात तेच केलं अन् काम झालं.

टायपिंगवाला भाऊ
खाजगी गिऱ्हाईक असंल तर चालते भाऊ. पण दोन लिफाफ्याची पद्धत असली ना, तांत्रिक वेगळा अन् दराचा वेगळा, तर तांत्रिक लिफाफ्यातल्या सारांशात दर दिसला की प्रस्ताव बाद होऊ शकते. माझ्याच दुकानात टाइप झालेला एक असा गेला, ते पोट्टे दोन रात्री जागले होते. आधी नमुना पूर्ण वाचा, मग ठरवा.

कापूसकोंडा
हे नव्हतं माहीत. आमचं खाजगीच होतं.

सावनेरची सून
सारांश म्हणजे प्रस्तावनाच ना? आमच्या मुलाच्या कॉलेजच्या प्रोजेक्टात प्रस्तावना पहिलेच असते. कुकरची शिट्टी झाली, येते.

धुऱ्यावरची ताई
नाही वो बाई, प्रस्तावनेत आपण पुढं काय सांगणार ते असते. सारांशात सांगूनच टाकायचं, किती डाळ, कधीपासून, कशी पोचवणार, त्यांचा काय फायदा. बाकी पानं हरवले तरी त्याले निर्णय घेता आला पाहिजे.

पांदण रस्ता
एक विचारतो. पावसाळ्यात आमची डाळ वाळत नाही, जुलै-ऑगस्ट मशीन बंदच समजा. हे सारांशात लिहावं का आत वेळापत्रकात? आमचे अध्यक्ष म्हणतात समोरच लिहिलं तर गिऱ्हाईक पळते.

टायपिंगवाला भाऊ
मी तर आतच ठेवायले सांगतो. सारांशाले एकच पान असते.

धुऱ्यावरची ताई
मले नाही पटत. आम्ही सारांशातच लिहिलं होतं, "जून अखेरपर्यंत ४० क्विंटल डाळ तयार करून ठेवू, जुलै-ऑगस्टचा पुरवठा त्यातून." नुसती अडचण नको, सोबत इलाज पाहिजे. त्यांनी फोन करून तेवढंच विचारलं होतं, साठवणार कुठं.

कापूसकोंडा
अन् ४० क्विंटलले कीड लागली तर? आमच्याकडं गेल्या वर्षी भुंग्यानं वाट लावली.

पांदण रस्ता
तेच तर. अध्यक्षांना दाखवतो हे, पण ते ऐकतील असं नाही वाटत. इकडं लाइन गेली, मोबाइल १२ टक्क्यावर आहे.

सावनेरची सून
ताई पुतणीले किती दिवस दिलेत? माझ्याकडं लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून आहे, पाठवू का?

धुऱ्यावरची ताई
सोमवारपर्यंत. पत्रिका आहेत वो, खडे पण आहेत. "माल खराब निघाला तर" याच्याखाली काय लिहावं तिथं अडली आहे ती. आम्ही लिहिलं होतं पोचल्यापासून तीन दिवसात कळवा, पोतं बदलून देऊ, वाहतूक आमची. तिच्या गटाले वाहतूक परवडत नाही. कोणी याच्यापेक्षा वेगळं लिहिलं असंल तर सांगा.